परदेशात नोकरी, पण कोल्हापूरचा नंबर चालू ठेवायचाय? मग हे जायच्या आधी वाचा

माझा मावसभाऊ कतारला गेला तेव्हा सिम घरीच ठेवून गेला. जुन्या फोनमध्ये सिम, फोन कसबा बावड्यातल्या घरी टीव्हीच्या कपाटात, आणि ओटीपी आला की मावशी फोन करून आकडे सांगणार, असा बेत होता. पहिले सहा महिने छान चालला. मग त्या फोनची बॅटरी फुगली, फोन बंद पडला, रिचार्जची आठवण करून देणारे मेसेजही त्याच बंद फोनवर जात राहिले. वर्षभराने त्याला पीएफचे पैसे काढायचे होते म्हणून त्या नंबरवर मावशीने फोन लावून बघितला, तर पलीकडून कुणी अनोळखी माणूस म्हणाला, "मावशी, हा नंबर माझाय, मी पैसे भरून घेतलाय." तो खोटं बोलत नव्हता. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस तसाच ठेवून मग कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते, हे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ट्रायने २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलेलं आहे.

मी शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर होतो, आता जर्मनीत स्टुटगार्टजवळ त्याच कामावर आहे. भावाचा घोळ बघून मी सिम सोबत घेऊन आलो, तरी पहिल्या महिन्यात दोनदा तोंडावर आपटलो. खाली लिहितोय ते प्रीपेड सिमचं, आणि हेतू एकच: वर्षाला कमीत कमी खर्चात ओटीपी येत राहणे. भारतात रोज बोलायचंय, तिकडचं नेट वापरायचंय, अशांसाठी हा लेख नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

"रिचार्ज मारलाय म्हणजे नंबर चालू" असं आपण समजतो. परदेशात ओटीपी यायला तीन वेगवेगळ्या गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, प्लॅनची व्हॅलिडिटी शिल्लक हवी. दुसरी, नंबर वापरात दिसायला हवा. तिसरी, त्या सिमवर इंटरनॅशनल रोमिंग सुरू हवं. भावाची पहिली आणि दुसरी गेली. माझी तिसरी राहून गेली होती.

१. महिनाभर आधी: सिम कुणाच्या नावावर आहे ते बघा

कोल्हापुरात निम्म्या लोकांचे नंबर वडिलांच्या नावावर असतात. माझाही होता. कॉलेजला असताना बाबांनी राजारामपुरीतून घेऊन दिलेला. गावात असताना याने काही अडत नाही. पण उद्या तिकडे फोन हरवला आणि नवीन सिम काढायची वेळ आली, तर ज्याच्या नावावर सिम आहे त्यालाच ओळखपत्र घेऊन दुकानात उभं राहावं लागतं.

मग वडिलांच्या नावावर असलेलं बरंच की, ते इथेच आहेत, असं वाटेल. त्यात थोडं तथ्य आहे. पण बँकेचा, आधारचा, पीएफचा नंबर माझा आणि सिमचा मालक दुसरा, हे मला पटत नव्हतं. मी दोघांचं आधार घेऊन बाबांसोबत कंपनीच्या स्वतःच्या स्टोअरमध्ये गेलो आणि नावावर करून घेतलं. कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याकडे हे काम नेऊ नका. आपल्या नावावर कोणकोणते नंबर आहेत हे सरकारच्या संचार साथी साइटवर बघता येतं, तेही एकदा बघून घ्या.

तुम्ही जाताय त्या देशात आपल्या कंपनीचं रोमिंग आहे का, हेही याच वेळी तपासा. नसेल तर नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करावा लागेल, आणि ते भारतात असतानाच उरकायचं काम आहे. 1900 ला `PORT`, एक स्पेस आणि आपला नंबर असा मेसेज टाकला की कोड येतो. पुढे चार-पाच दिवस धरून चला.

२. पंधरा दिवस आधी: जुनं सिम बदला

सिम दहा वर्षांपूर्वीचं, कात्रीने कापून छोटं केलेलं असेल तर नवीन घ्या. हे शेवटच्या आठवड्यावर टाकू नका, कारण सिम बदललं की पहिले २४ तास त्या नंबरवर मेसेज येत-जात नाहीत. फसवणूक रोखायला दूरसंचार विभागानेच तसा नियम केलाय. माझ्या ओळखीतल्या एकाने निघायच्या आदल्या संध्याकाळी सिम बदललं आणि विमानतळावर फॉरेक्स कार्डचा ओटीपी येईना म्हणून घामाघूम झाला. शिवाय सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टही करता येत नाही.

ई-सिम घ्यावं की साधं? माझं मत स्पष्ट आहे: भारतातला नंबर प्लास्टिकच्या सिमवर ठेवा, आणि परदेशातला ई-सिमवर घ्या. फोन फुटला तर प्लास्टिकचं सिम काढून कुणाच्याही फोनमध्ये घालता येतं आणि पाच मिनिटांत ओटीपी सुरू होतात. ई-सिम फुटक्या फोनमध्येच अडकून पडतं, आणि ते परत मिळवायला बऱ्याचदा त्याच नंबरवर ओटीपी किंवा मेसेज लागतो. अपवाद अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या आयफोनचा. आयफोन १४ पासून तिकडच्या फोनला सिमचा खाचाच नाही. त्यामुळे तिकडे जाऊन नवा आयफोन घ्यायचा विचार असेल तर इथूनच ई-सिम करून न्या, किंवा एक स्वस्त दोन-सिमचा फोन सोबत ठेवा.

नवीन सिम ज्या कार्डातून निघतं ते कार्ड फेकू नका. त्यावर सिमचा लांबलचक नंबर असतो आणि बऱ्याचदा पीयूके कोडही. सिमचा पिन तीनदा चुकला की हा कोड लागतो, आणि तो दहादा चुकला तर सिम कायमचं बाद. फोटो काढून घरच्यांनाही पाठवून ठेवा.

३. आठवडाभर आधी: प्लॅन आणि बॅलन्स, दोन्ही

पूर्वी नेटशिवाय रिचार्ज मिळणं कठीण झालं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवायला लावले आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. आपल्यासारख्यांच्या ते पथ्यावर पडलं. २०२५ च्या सुरुवातीला एअरटेलचा असा वर्षाचा प्लॅन १,८४९ रुपयांना होता आणि जिओचा ३३६ दिवसांचा १,७४८ ला. दर बदलत राहतात, म्हणून ॲपमध्ये "फक्त व्हॉइस" किंवा तत्सम नावाचा विभाग शोधा. तो बऱ्याचदा यादीच्या तळाशी असतो.

हिशोब असा: १,८४९ भागिले ३६५, म्हणजे दिवसाला साधारण पाच रुपये. याउलट तेव्हाचा १९९ चा २८ दिवसांचा प्लॅन वर्षात तेरा वेळा मारावा लागायचा, २,५८७ रुपये व्हायचे, आणि तेरा तारखा लक्षात ठेवायच्या. एक तारीख हुकली की पहिल्यांदा जाणारे कॉल बंद, मग काही दिवसांनी येणारंही सगळं बंद. ते "काही दिवस" कंपनीगणिक वेगळे असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

आता लोक जे विसरतात ते. वर्षाच्या प्लॅनमध्ये ३,६०० एसएमएस फुकट लिहिलेले असतात. ते भारतातले. जर्मनीतून एक मेसेज पाठवला की पैसे मुख्य बॅलन्समधून जातात. म्हणून प्लॅनशिवाय वेगळा टॉपअप मारून ठेवा. १०० रुपयांच्या टॉपअपला ८१.७५ बॅलन्स मिळतो, मी दोन मारतो.

बॅलन्स ठेवायचं आणखी एक कारण आहे. ट्रायच्या २०१३ च्या नियमानुसार प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला गेला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, पण खात्यात २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस नंबर राखला जातो. आणि "वापर" म्हणजे काय, हे नीट वाचण्यासारखं आहे: आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस, नेटचा वापर. आलेला एसएमएस त्यात नाही! म्हणजे रोज दहा ओटीपी आले तरी कागदावर तुमचा नंबर पडून असलेला ठरू शकतो. वर्षाचं रिचार्ज चालू असताना कंपन्या सहसा नंबर कापत नाहीत, पण सहसा या शब्दावर मी माझा पीएफ ठेवणार नाही.

माझा उपाय घरगुती आहे. एक सोडून एका संकष्टीला आई माझ्या भारतातल्या नंबरवर फोन लावते, मी उचलतो, "हां आई, चालू आहे," एवढं बोलून ठेवतो. उचललेल्या कॉलचे रोमिंगचे पैसे जातात, एका मिनिटाचे. अशा दोन फोनमध्ये साधारण ५९ दिवस होतात, ९० च्या आत आरामात. चंद्रोदयाची वाट बघत आई जागीच असते, त्यामुळे तारीख चुकत नाही.

४. निघायच्या आधी रोमिंग सुरू करा

ओटीपीसाठी रोमिंगचा महागडा पॅक लागत नाही, कारण रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत. पण सिमवर इंटरनॅशनल रोमिंगची सोय सुरू असावी लागते, आणि ती आपोआप सुरू असेलच असं नाही. काही कंपन्यांच्या ॲपमध्ये नुसतं बटण आहे, काहींना एकदा रोमिंगचं रिचार्ज करून सोय उघडावी लागते. कस्टमर केअरला मी असं विचारलं होतं: "मला पॅक नकोय. फक्त येणारे एसएमएस जर्मनीत मिळायला माझ्या सिमवर काय सुरू असायला हवं?" असा थेट प्रश्न नाही विचारला तर पॅक गळ्यात पडतो. सुरू झाल्याचा मेसेज आला की त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

मी हे पुण्यातून विमान पकडताना करू म्हणालो आणि विसरलो. फ्रँकफर्टला उतरल्यावर भारतातल्या सिमसमोर फक्त "No service". तिकडे गेल्यावर सोय सुरू करायला ॲपमध्ये लॉगिन लागतं, लॉगिनला ओटीपी, आणि ओटीपी यायला रोमिंग. शेवटी बाबांनी लक्ष्मीपुरीतल्या स्टोअरमध्ये जाऊन रांग लावली, चार दिवस गेले.

फोनमधली सेटिंग विमानात बसायच्या आधीच लावा:

- भारतातल्या सिमचं "Data Roaming" बंद. नेटसाठी परदेशातलं सिमच निवडलेलं हवं, आणि एका सिमवरून आपोआप दुसऱ्यावर उडी मारणारा डेटा स्विचिंगचा पर्यायही बंद. माझा पहिला टॉपअप याच पर्यायाने दोन मिनिटांत खाल्ला.
- आयफोन असेल तर आयमेसेज आणि फेसटाइमसाठी भारतातला नंबर निवडलेला नको. तो नंबर जोडून घ्यायला फोन गुपचूप परदेशी एसएमएस पाठवतो, बॅलन्स का कमी झाला ते कळतही नाही.
- कॉल फॉरवर्डिंग काढून टाका. डायल पॅडवर `##002#` लावलं की सगळी फॉरवर्डिंग रद्द होतात. नाहीतर न उचललेला कॉलही फिरून पैसे खाऊ शकतो.

५. पोचल्यावर: पहिला ओटीपी बँकेवर नको, ॲपवर तपासा

सिमने नेटवर्क पकडलं की टेलिकॉम कंपनीच्याच ॲपमधून बाहेर पडून परत लॉगिन करा. ओटीपी आला तर काम झालं. नाही आला तर बँकेच्या ॲपवर प्रयोग करत बसू नका, तिथे चुकीचे प्रयत्न जास्त झाले की खातं तात्पुरतं लॉक होतं.

ओटीपी येत नसेल तेव्हा मी या क्रमाने बघतो. आधी घरून त्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायला सांगतो, न उचलता. रिंग वाजली तर सिम नेटवर्कवर आहे, अडचण मेसेजपुरती आहे. अशा वेळी विमान मोड एक मिनिट चालू करून बंद केला की अडकलेले मेसेज बहुतेक वेळा धडाधड येतात. रिंगच नाही वाजली तर सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडणं बंद करून हाताने निवडतो. जर्मनीत Telekom, Vodafone आणि o2 अशी नावं दिसतात. एकावर "परवानगी नाही" असं आलं तर दुसरं. माझं सिम घरात एकावर टिकतं आणि कारखान्यात दुसऱ्यावर. पत्र्याच्या शेडमध्ये तर काहीच नाही, जेवणाच्या सुट्टीत बाहेर यावं लागतं.

आणि "Resend OTP" सारखं दाबू नका. नवीन ओटीपी मागितला की जुना बाद होतो. मग उशिराने आलेला पहिला आकडा तुम्ही टाकता, तो चुकीचा ठरतो, आणि वाटतं सिस्टिमच खराब आहे. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो, तेवढं थांबा.

६. यूपीआयचा सापळा

ओटीपी येतोय म्हणजे यूपीआयही चालेल, हा समज चुकीचा आहे. यूपीआय ॲप नवीन फोनमध्ये सुरू करताना मेसेज येत नाही, तुमच्या फोनमधून बँकेला जातो. बाहेर जाणारा मेसेज म्हणजे बॅलन्स हवा, आणि बॅलन्स असूनही रोमिंगमधून तो कधी पोचतो, कधी नाही. म्हणून साधा नियम: चालू असलेलं यूपीआय ॲप परदेशात काढून टाकू नका, फोन रिसेट करू नका, आणि फोन बदलायचाच असेल तर सुट्टीवर आल्यावर बदला.

बरं, परदेशी नंबरवर यूपीआय चालत नाही का? चालतं, पण परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यावर, आणि ठराविक देशांच्या नंबरांवर. २०२३ च्या जानेवारीत यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने दहा देश जाहीर केले. त्यात यूएई, सौदी, कतार, ओमान, ब्रिटन, अमेरिका आहेत, म्हणून आखातातल्या भावाला ही सोय मिळाली. त्या यादीत जर्मनी नव्हतं, मी बसलो बघत.

७. ओटीपीची गरजच कमी करा

नोकरीसाठी बाहेर गेलात की साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं, तो कायद्याचा भाग आहे. ते करताना परदेशातला नंबर आणि ईमेल नोंदवता येतो का, ओटीपी ईमेलवर येतो का, हे शाखेत विचारून फॉर्मवर लिहून घ्या. माझ्या बँकेने दोन्ही दिलं. आता भारतातल्या सिमवर माझं पैशाचं काम फारसं उरलेलं नाही.

उरतं ते आधार. तिथे भारतातलाच नंबर लागतो. पीएफ आधारच्या ओटीपीवर चालतो, आणि इनकम टॅक्सचं रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ते व्हेरिफाय करायला बहुतेकजण आधारचा ओटीपीच वापरतात (नेट बँकिंगनेही होतं, ते सोपं). म्हणजे सिम फेकून देता येत नाही, पण महिन्यातून चाळीस ओटीपीऐवजी वर्षातून पाच-सहा लागतात.

नंबर तुटला तर बँकेला कळत नाही, या भ्रमातही राहू नका. बंद झालेल्या नंबरांची यादी निघते, आणि एनपीसीआयने २०२५ मध्ये बँकांना ती तपासून असे नंबर यूपीआयमधून काढायला सांगितलंय.

८. सिम घरीच ठेवायचं असेल तर

काहींच्या देशात रोमिंगच पकडत नाही, किंवा कामाच्या जागी फोन नेऊ देत नाहीत. मग घरी ठेवा, पण भावासारखं नको. सिम कुणाच्यातरी रोजच्या वापरातल्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घाला, कपाटातल्या फोनमध्ये नको. मेसेज आपोआप पुढे पाठवणारी फुकट ॲप मी वापरत नाही, आपले ओटीपी कुणाच्या सर्व्हरवरून जातात ते कळत नाही. आणि घरच्यांशी एक खूण ठरवा: मी स्वतः व्हिडिओ कॉल करून मागितल्याशिवाय आकडा कुणालाही सांगायचा नाही, माझ्या नावाने मेसेज आला तरीही. आईला मी विचारतो, "रविवारी भजनाला कोण होतं?" आणि ती मला उलट विचारते.

९. रिचार्ज संपण्याआधी आणि सुट्टीवर आल्यावर

परदेशी कार्ड टेलिकॉम ॲपवर बऱ्याचदा नाकारलं जातं. एनआरओ खात्यावरून भरा किंवा घरच्यांना भरायला सांगा, पण मुदतीच्या दहा दिवस आधी. तारीख दोन कॅलेंडरवर हवी: तुमच्या फोनमध्ये, आणि कोल्हापूरच्या घरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने. बाबांनी माझी तारीख घरपट्टीच्या तारखेशेजारी लिहून ठेवलीय.

सुट्टीवर उजळाईवाडीला उतरलात की पहिल्या दोन दिवसांत सिमची कामं काढा: खराब सिम बदलणं, आधारचा नंबर तपासणं, नवीन फोनवर यूपीआय लावणं. सिम बदलल्यावर २४ तास मेसेज बंद असतात, मग यूपीआय, मग काही अडलं तर बँकेत एक फेरी. हे सुट्टीच्या शेवटच्या शनिवारवर ढकललं तर दुसरा आणि चौथा शनिवार बँक बंद, आणि रविवारी विमान.